विक्री कराराचा मसुदा मेलने पाठवताना: दंड, वॉरंटी आणि वादाची कलमं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

खालची सगळी उत्तरं एकाच सौद्याला धरून दिली आहेत, म्हणजे आकडे हवेत राहणार नाहीत. भोसरी एमआयडीसीतलं एक छोटं युनिट पाऊच पॅकिंग मशीन बनवतं. सिन्नरच्या एका मसाला कारखान्याला त्यातलं एक हवं आहे. किंमत ३६ लाख रुपये, वर १८ टक्के जीएसटी. अ‍ॅडव्हान्स जमा झाल्यावर आणि ड्रॉइंग मंजूर झाल्यावर १२ आठवड्यांत डिस्पॅच. सौदा काल्पनिक आहे, पण यातल्या अटी आणि त्यांवरून होणारी भांडणं रोजची आहेत. मसुदा भोसरीवाले पाठवणार, तपासणार सिन्नरवाले. तुम्ही खरेदीदार असाल तर हेच दुसऱ्या बाजूने वाचा.

मसुदा वर्डमध्ये पाठवावा की पीडीएफमध्ये?

दोन्ही पाठवा, पण कामाची फाइल वर्डची. फक्त पीडीएफ गेली तर समोरचा माणूस बदल मेलच्या मजकुरात लिहून कळवतो: "७.२ मध्ये पाचऐवजी दहा करा, ९ मधलं दुसरं वाक्य काढा." असे चार मेल झाले की कुठला बदल कुठल्या मजकुरावर होता, हे कुणालाच सांगता येत नाही. पीडीएफचा उपयोग वेगळा आहे. आपण नेमकं काय पाठवलं होतं, त्याची ती गोठवलेली प्रत असते.

वर्डची फाइल पाठवण्याआधी Review > Track Changes मध्ये जाऊन Lock Tracking लावून ठेवा. म्हणजे पासवर्डशिवाय कुणाला ट्रॅकिंग बंद करता येत नाही आणि समोरून होणारा प्रत्येक बदल रंगात दिसतो. हे काही कुलूप नव्हे. मजकूर कॉपी करून नव्या फाइलमध्ये चिकटवला की संपलं. त्यावरचा उपाय पुढे येतो.

फाइलच्या नावात तारीख आणि आवृत्ती असू द्या: `Sale_Agreement_Draft_v1_2025-06-10.docx`. "final", "final2", "final_new" या नावांनी जेवढा घोळ घातला आहे तेवढा वकिलांनीही घातला नसेल.

महत्त्वाची कलमं पिवळी करून पाठवली, तेवढं पुरत नाही का?

नाही. पिवळा रंग "इथे बघा" एवढंच सांगतो. काय बघायचं आणि बघून काय करायचं, ते सांगत नाही. समोरचा खरेदी विभागातला माणूस पिवळं पान पाहतो, त्याला काही वावगं दिसत नाही, तो पुढे जातो. महिन्याभराने त्यांचे अकाउंट्सवाले विचारतात, की दंडाला कमाल मर्यादा कुणी मान्य केली?

म्हणून प्रत्येक रंगवलेल्या कलमाला एक कॉमेंट जोडा. तिच्यात तीनच गोष्टी असाव्यात: आम्ही काय लिहिलं आहे, का लिहिलं आहे, आणि तुमच्याकडून काय हवं. उदाहरणार्थ ७.२ वरची कॉमेंट अशी: "विलंबाची भरपाई आठवड्याला ०.५ टक्के, कमाल ५ टक्के, जीएसटी सोडून मूळ किमतीवर. तुमच्याकडून फिल्मचे रोल किंवा ड्रॉइंगची मंजुरी उशिरा आली तर तेवढे दिवस वजा होतात. मर्यादा आणि वजावट, दोन्ही मान्य आहेत का ते कळवा." आता उत्तर द्यावंच लागतं.

आणखी एक. रंग फक्त त्या तीन कलमांवर लावून थांबू नका. दंडाचं कलम ७ असलं, तरी त्याचा अर्थ डिलिव्हरीची मुदत कुठून मोजायची हे सांगणाऱ्या कलम ४ वर अवलंबून असतो. वॉरंटी कमिशनिंगच्या, म्हणजे मशीन जागेवर बसवून चालू करून देण्याच्या, व्याख्येवर टांगलेली असते, आणि ती व्याख्या बहुधा दुसऱ्या पानावर कुठेतरी लपलेली असते. अशा जोडीच्या कलमांना फिकट दुसरा रंग द्या आणि कॉमेंटमध्ये आकडा लिहा: "४.१ सोबत वाचा." तीनापेक्षा जास्त रंग मात्र वापरू नका, कशाला काय म्हणायचं होतं ते पाठवणाऱ्यालाच आठवत नाही.

मेलमध्ये काय लिहावं?

बऱ्याच कंपन्यांत अशी मेल इंग्रजीतून जाते. मराठीत लिहिली तरी कायद्याच्या दृष्टीने फरक पडत नाही, आणि दोन्हीकडची माणसं मराठी असतील तर उत्तर लवकर येतं. नमुना असा:

> विषय: पाऊच पॅकिंग मशीन – विक्री करार, मसुदा १ – तपासणीसाठी (बंधनकारक नाही)
>
> नमस्कार साहेब,
>
> काल फोनवर बोलल्याप्रमाणे कराराचा मसुदा सोबत जोडला आहे. वर्डची फाइल बदल सुचवण्यासाठी आहे, पीडीएफ वाचण्यासाठी.
>
> तीन कलमं पिवळी केली आहेत, ती कृपया आधी पाहावीत:
>
> कलम ७ – विलंबाची भरपाई. मर्यादा ५ टक्के. मान्य आहे का?
>
> कलम ९ – वॉरंटी. कमिशनिंगपासून १२ महिने किंवा डिस्पॅचपासून १८ महिने, यातलं जे आधी संपेल ते. झिजणाऱ्या पार्ट्सची यादी परिशिष्ट क मध्ये आहे; तुमच्या मेंटेनन्स विभागाला दाखवून घ्यावी.
>
> कलम १४ – वाद. आधी दोन्हीकडच्या संचालकांची बैठक, मग लवाद, स्थान पुणे. यावर तुमच्या वकिलांचं मत हवं.
>
> बदल त्याच फाइलमध्ये Track Changes सुरू ठेवून करावेत. शुक्रवार २० जूनपर्यंत उत्तर मिळालं तर पुढच्या आठवड्यात सह्या करता येतील.
>
> हा मसुदा चर्चेसाठी आहे. दोन्ही बाजूंच्या अधिकृत व्यक्तींच्या सह्या होईपर्यंत तो कुणावरही बंधनकारक नाही.

तीन कलमं तीन वेगळ्या माणसांकडे जाणार, हे मेलमध्येच दिसतं: दंड खरेदीवाल्यांकडे, झिजणाऱ्या पार्ट्सची यादी मेंटेनन्सकडे, वाद वकिलाकडे. एकाच माणसाकडून तिन्हीची उत्तरं मागितली, तर तो ज्यातलं कळतं त्याचं देतो आणि बाकीच्याला "ओके" लिहितो.

शेवटची ती "बंधनकारक नाही" ची ओळ खरंच लागते का?

लागते. सही-शिक्का झालेला कागद नसला म्हणजे करार झालाच नाही, असा अनेकांचा समज आहे, आणि तो चुकीचा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १०अ सांगतं, की इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झाला एवढ्याच कारणावरून करार अवैध ठरत नाही. ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता अ‍ॅल्युमिनियम या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तर स्पष्टच म्हटलं, की मेलमधून मुख्य अटींवर एकमत झालेलं असेल तर औपचारिक कागदावर सह्या व्हायच्या राहिल्या म्हणून करार नाहीसा होत नाही. तो सौदा बॉक्साइटच्या खेपांचा होता आणि सगळी बोलणी मेलवरून झाली होती.

तेव्हा तुमच्या मसुद्याला "मान्य आहे, कामाला लागा" असं दोन ओळींचं उत्तर आलं, आणि तुम्ही स्टील मागवलं, तर करार झाला असं कोर्ट म्हणू शकतं. ती ओळ त्याला अडसर घालते. मात्र ती लिहूनही तुम्ही अ‍ॅडव्हान्स घेतला आणि मशीन बनवायला घेतलं, तर वागणूक ओळीपेक्षा मोठ्याने बोलते. सही होईपर्यंत काम सुरू करू नका. घाई असेल तर निदान मेलवर लिहा, की अमुक आवृत्तीच्या अटींवर काम सुरू करत आहोत.

दंडाच्या कलमात नेमकं काय रंगवायचं?

टक्केवारी सगळेच बघतात. पैसा तिच्या आजूबाजूच्या चार-पाच शब्दांत असतो, म्हणून रंग त्या शब्दांवर हवा.

आपल्या सौद्यात भोसरीवाल्यांनी लिहिलं: "विक्रेत्याच्या कारणाने झालेल्या विलंबासाठी, दर पूर्ण आठवड्यामागे, जीएसटी सोडून मूळ किमतीच्या ०.५ टक्के, कमाल ५ टक्के." सिन्नरवाल्यांनी मसुदा परत पाठवला तेव्हा तिथे असं होतं: "डिलिव्हरीला होणाऱ्या विलंबासाठी, दर आठवड्यामागे किंवा त्याच्या भागामागे, एकूण ऑर्डर मूल्याच्या १ टक्का." वरवर पाहता अर्ध्याचा एक झाला, म्हणजे दुप्पट. घासाघीस करून पाऊण टक्क्यावर यावं, असं कुणालाही वाटेल.

आता मशीन ५ आठवडे २ दिवस उशिरा निघालं असं धरा. त्यातले २ आठवडे सिन्नरहून ट्रायलसाठी लॅमिनेटचे रोल उशिरा आले म्हणून गेले. पहिल्या मजकुराप्रमाणे ते २ आठवडे वजा, उरलेले २ दिवस पूर्ण आठवडा नाहीत, म्हणून ३ आठवडे. आठवड्याला १८,००० प्रमाणे एकूण ५४,००० रुपये. दुसऱ्या मजकुराप्रमाणे वजावट नाही, दोन दिवसांचाही आठवडा धरला, म्हणून ६ आठवडे. ऑर्डर मूल्य जीएसटीसह ४२,४८,०००, त्याचा १ टक्का ४२,४८०, म्हणून एकूण २,५४,८८० रुपये. टक्केवारी दुप्पट झाली, रक्कम पावणेपाच पट. वर कमाल मर्यादाही गेली. आठवडे वाढतील तसा आकडा चढतच राहील.

म्हणून कॉमेंट चार जागी हव्यात: "विक्रेत्याच्या कारणाने", "पूर्ण आठवडा", "मूळ किंमत" आणि "कमाल". घासाघीस करायचीच असेल तर टक्केवारीत थोडं सोडा, या चारांत सोडू नका. कारखान्यात पार्टी पाहून टक्का ठरतो, पण मर्यादा नसलेली एलडी, म्हणजे करारात आधीच ठरवलेली विलंबाची भरपाई, कुणीही डोळे मिटून घेऊ नये.

दंड लिहिला म्हणजे तेवढा कोर्ट देणारच का?

नाही. करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही कमाल पातळी असते; मिळते ती वाजवी भरपाई, त्या रकमेच्या आतली. कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध डीडीए या २०१५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं, की नुकसान सिद्ध करणं शक्य असेल तर ते सिद्ध करावं लागतं. नुकसान मोजणं अवघड किंवा अशक्य असेल आणि लिहिलेली रक्कम खऱ्याखुऱ्या अंदाजावर बसलेली असेल, तेव्हा ती देता येते.

पण हे वाचून विक्रेत्याने निर्धास्त होऊ नये. खरेदीदार कोर्टात जातच नाही. तो तुमच्या शेवटच्या बिलातून दंड कापून घेतो आणि कोर्टात जायची पाळी तुमच्यावर येते. म्हणून पैसे देण्याच्या कलमात "एकतर्फी कापून घेण्याचा हक्क" कुठे दडला आहे का ते शोधा आणि तेही रंगवा.

खरेदीदारासाठीही एक इशारा. मुदत हाच कराराचा गाभा असेल आणि उशिरा आलेला माल तुम्ही मुकाट्याने उतरवून घेतला, तर करार कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे नंतर उशिराची भरपाई मागता येत नाही. माल स्वीकारतानाच "भरपाईचा हक्क राखून" असं कळवावं लागतं. गेटवर चलनावर सही करायच्या दिवशी एक मेल पाठवली की काम झालं.

(एलडीवर जीएसटी लागतो का, असंही लोक विचारतात. नुकसानभरपाई म्हणून कापलेल्या रकमेवर लागत नाही, असा केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाचा ऑगस्ट २०२२ चा खुलासा आहे.)

वॉरंटीच्या कलमात लोक काय बघायचं विसरतात?

महिने बघतात, सुरुवात बघत नाहीत. "१२ महिने वॉरंटी" यात काहीच ठरलेलं नसतं. मशीन जूनमध्ये पोचलं, सिन्नरला शेड तयार नाही, लाइट कनेक्शन यायचंय, कमिशनिंग डिसेंबरमध्ये झालं. बारा महिने जूनपासून की डिसेंबरपासून? म्हणूनच "कमिशनिंगपासून १२ किंवा डिस्पॅचपासून १८, यातलं जे आधी संपेल ते" ही जोडी यंत्रांच्या धंद्यात रूढ झाली. विक्रेत्याची जोखीम १८ महिन्यांवर थांबते, खरेदीदाराला कमिशनिंगला सहा महिन्यांची सवड मिळते.

मग कमिशनिंग झालं हे कोण म्हणणार? इथे एक ठोस कसोटी हवी. "मिनिटाला ६० पाऊच" असं नुसतं लिहिलं तर भांडण ठरलेलंच. १०० ग्रॅमच्या पाऊचला ६० आणि ५०० ग्रॅमच्या पाऊचला ६० यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मिरची पूड बारीक, उडणारी. ती सीलवर बसली की सील सुटतं आणि वेग कमी करावा लागतो. म्हणून कोणतं उत्पादन, किती ग्रॅम, कोणतं लॅमिनेट, किती तास सलग, किती टक्के नाकारलेले पाऊच चालतील, हे परिशिष्टात लिहा आणि कॉमेंटमध्ये खरेदीदाराच्या प्रॉडक्शनवाल्याला उद्देशून विचारा. हा प्रश्न वकिलाचा नाही.

तिसरी जागा झिजणाऱ्या पार्ट्सची. सीलिंगचे हीटर, थर्मोकपल, टेफ्लॉनची पट्टी, कटिंग ब्लेड हे वॉरंटीत नसतात, असं विक्रेता गृहीत धरतो आणि खरेदीदार धरत नाही. "कन्झ्युमेबल्स वगळून" एवढा एक शब्द लिहून भागत नाही, नावं हवीत. पीएलसी, सर्व्हो ड्राइव्ह असे बाहेरून घेतलेले भाग असतील, तर मूळ कंपनीची वॉरंटी जशीच्या तशी पुढे देणार की स्वतःची देणार, तेही लिहा.

वॉरंटीत आणखी एक वाक्य विक्रेते हळूच घालतात: "या वॉरंटीखेरीज इतर कोणतीही अभिप्रेत अट लागू नाही." माल विक्री कायदा, १९३० च्या कलम १६ प्रमाणे, खरेदीदाराने माल कशासाठी हवा हे सांगून विक्रेत्याच्या कौशल्यावर भरवसा ठेवला असेल, तर माल त्या कामाला योग्य असावा ही अट न लिहिताही कराराचा भाग असते. कलम ६२ ती करारानेच बाजूला सारू देतं. म्हणजे त्या एका वाक्याने खरेदीदाराचा कायद्याने मिळालेला आधार जातो. माझ्या मते विक्रेत्याने ते वाक्य घातलं तर स्वतःच रंगवून दाखवावं. लपवून मिळवलेली सवलत पहिल्या बिघाडाला उघडी पडते, आणि पुढची ऑर्डर जाते.

वादाच्या कलमात "लवाद" असा एक शब्द लिहिला तर चालेल का?

चालेल म्हणायला चालेल, पण पहिलं वर्ष लवाद नेमण्यातच जाईल. या कलमात तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: लवाद कोण नेमणार, लवादाचं स्थान कुठलं, आणि कुठल्या शहराची कोर्टं.

नेमणुकीबाबत जुनी सवय अशी, की मोठा पक्ष "आमचे संचालक नेमतील तो लवाद" असं लिहून मोकळा होतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पर्किन्स ईस्टमन प्रकरणात अशी एकतर्फी नेमणूक नामंजूर केली. सिन्नरहून असा बदल आला तर कॉमेंटमध्ये एवढंच लिहा: "दोघांच्या संमतीने, ३० दिवसांत एकमत न झाल्यास कायद्याप्रमाणे." त्यावर सहसा कुणी अडत नाही, कारण मूळ मजकूर टिकणार नाही हे त्यांच्या वकिलालाही ठाऊक असतं.

स्थान म्हणजे सुनावणीची खोली नव्हे. लवादावर देखरेख कुठल्या कोर्टाची, निवाड्याला आव्हान कुठे द्यायचं, हे त्यावरून ठरतं. म्हणून "स्थान पुणे" आणि "सर्व वाद फक्त नाशिक न्यायालयाच्या अखत्यारीत" ही दोन वाक्यं एकाच करारात असतील तर ती एकमेकांच्या पायात पाय घालतात. जुन्या करारातून कॉपी केलेल्या मसुद्यात हे हमखास सापडतं. शोधा आणि एक काढा.

लहान रकमांचाही विचार करा. ५४,००० रुपयांच्या एलडीवरून लवाद नेमला तर त्याची फीच जास्त व्हायची. मशीन चाललं की नाही, हीटर झिजला की सदोष होता, असले तांत्रिक वाद दोघांनी मान्य केलेल्या एका इंजिनिअरच्या अहवालावर सोडावेत, आणि लवाद त्यापलीकडच्या वादांना ठेवावा.

लवाद नकोच असेल तर व्यावसायिक वादात दावा कोर्टात जातो. वादाची रक्कम ३ लाख किंवा जास्त असेल आणि तातडीचा मनाईहुकूम नको असेल, तर दाव्याआधी मध्यस्थी करावीच लागते. पाटील ऑटोमेशन प्रकरणात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सक्तीची ठरवली.

आमची उद्यम नोंदणी आहे. तिचा या कलमाशी काही संबंध येतो का?

चांगलाच येतो, आणि बहुतेक छोट्या युनिटना तो माहीत नसतो. एमएसएमई विकास कायदा, २००६ प्रमाणे सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे करारात काहीही लिहिलं तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. थकबाकीसाठी पुरवठादार याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे जाऊ शकतो, तेही स्वतःच्या जागेवरून, खरेदीदार देशात कुठेही असला तरी. करारात लवादाचं कलम असलं तरी हा मार्ग बंद होत नाही, हे महाकाली फूड्स प्रकरणात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं.

म्हणून "९० दिवसांत पेमेंट" असं सिन्नरहून आलं तर भांडू नका. कॉमेंटमध्ये उद्यम क्रमांक लिहा आणि कायद्याकडे बोट दाखवा. नोंदणी मात्र करारावर सही करण्याआधीची असावी. नंतर केली तर त्या करारापुरती ती लागू होते का, यावरून वाद होतो. आणि माल मिळाल्यावर १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही तर तो स्वीकारला असं धरलं जातं, ही तारीख खरेदीदारानेही लक्षात ठेवावी.

समोरच्याने न दाखवता काही बदललं असेल तर कसं कळणार?

रंग बघून कळणार नाही. Word मध्ये Review > Compare उघडा, एका बाजूला तुम्ही पाठवलेली फाइल घ्या, दुसऱ्या बाजूला आलेली. जिथे अक्षर वेगळं तिथे खूण दिसते. प्रत्येक फेरीनंतर हे करा, समोरचा कितीही ओळखीचा असला तरी. मुद्दाम लपवलेला बदल क्वचित असतो; जास्त वेळा त्यांच्या माणसाने जुन्या आवृत्तीत काम केलेलं असतं आणि आधी मान्य झालेली ओळ गायब झालेली असते. सापडलं तर आरोप करू नका. "९.३ मधली ओळ मागच्या आवृत्तीत होती, आता दिसत नाही, राहून गेली असावी" एवढं पुरतं.

आमच्या ऑफिसातल्या आपापसातल्या कॉमेंट त्यांना दिसू शकतात का?

दिसतात. "इथे ७ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो" अशी मालकाची कॉमेंट फाइलसकट सिन्नरला पोचली, की घासाघीस तिथेच संपते. बाहेर जाणाऱ्या फाइलवर File > Info > Check for Issues > Inspect Document चालवा. मात्र ते कॉमेंट आणि ट्रॅक केलेले बदल सगळेच काढू शकतं, म्हणून आधी प्रत करा, आतलं साफ करा, आणि समोरच्यासाठीच्या तीन कॉमेंट शेवटी घाला. त्याहून सोपं म्हणजे आपली चर्चा वेगळ्या फाइलमध्ये किंवा फोनवर करावी.

दिलेल्या तारखेपर्यंत उत्तर आलं नाही तर मान्य आहे असं धरता येईल का?

नाही. "शुक्रवारपर्यंत न कळवल्यास मान्य समजू" असं लिहून समोरच्यावर मान्यता लादता येत नाही. गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे. आणि "मान्य आहे, फक्त मर्यादा काढा" असं आलं तर तीही मान्यता नाही. कायद्याच्या भाषेत तो नवा प्रस्ताव आहे, त्याला तुमचा होकार लागतो. फोन करा, बोलणं झालं की त्याच दिवशी मेल टाका: "आज फोनवर ठरल्याप्रमाणे ७.२ मध्ये मर्यादा ७ टक्के, बाकी तसंच."

पुढे वाद झाला तर या मेल पुरावा म्हणून चालतात का?

चालतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंद सादर करताना सोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. नुसता छापील कागद किंवा स्क्रीनशॉट पुरत नाही. म्हणून मूळ मेल, जोडलेल्या फाइलसकट, मेलबॉक्समध्येच ठेवा. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं खातं बंद करण्याआधी त्यातली कराराची सगळी मेल बाहेर काढून घ्या, आणि करारासारखी मेल मालकाच्या खासगी खात्यावरून न पाठवता कंपनीच्या पत्त्यावरून, एका सहकाऱ्याला सीसीत ठेवून पाठवा.